आठवीच्या गणिताची प्रश्नपत्रिका संविधान तक्त्यात मांडताना: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावची एक अनुदानित मराठी माध्यमाची शाळा. आठवीची एकच तुकडी, पटावर ४७ विद्यार्थी. प्रथम सत्राची संकलित चाचणी नऊ दिवसांवर आली होती. सातवी-आठवीला संकलित मूल्यमापनाचे ६० गुण असतात, त्यांतले १० तोंडी व प्रात्यक्षिकाचे आणि ५० लेखी. गणिताच्या सरांनी लेखी पेपर तयार ठेवला होता. तो मागच्या वर्षीचाच पेपर होता, फक्त आकडे बदललेले.

या वर्षी मुख्याध्यापिकांनी प्रत्येक विषयाच्या पेपरसोबत संविधान तक्ता मागितला. डी.एड., बी.एड. करताना पाठ टाचणाबरोबर सगळ्यांनीच तो कधीतरी केलेला असतो: घटक, उद्दिष्टे, प्रश्नप्रकार आणि गुणांचा भारांश. या वेळी अट थोडी वेगळी होती. प्रत्येक उपप्रश्न कोणत्या अध्ययन निष्पत्तीची तपासणी करतो, त्याला किती गुण आहेत आणि त्याची काठिण्य पातळी काय, हे ओळीओळीने दाखवायचे होते.

पेपरचा आराखडा बहुतेक शाळांत दिसतो तसाच होता. प्र. १ मध्ये एका गुणाचे दहा प्रश्न, सगळे सक्तीचे. प्र. २ मध्ये दोन गुणांचे सात, त्यांतले कोणतेही पाच. प्र. ३ मध्ये तीन गुणांचे सहा, कोणतेही चार. प्र. ४ मध्ये चार गुणांचे पाच, कोणतेही तीन. प्र. ५ मध्ये तीन गुणांचे तीन, कोणतेही दोन. सोडवायचे गुण ५०, छापलेले गुण ७१. पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग, म्हणजे परिमेय व अपरिमेय संख्यांपासून सूट व कमिशनपर्यंतची नऊ प्रकरणे, त्यात आली होती.

सरांनी तक्ता एका संध्याकाळी भरून दिला. बेरीज बरोबर ५० येत होती आणि नऊही प्रकरणांसमोर गुण दिसत होते.

अडचण कुठे दिसली

नववी-दहावीला गणित शिकवणाऱ्या बाईंकडे तो तक्ता तपासायला गेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, छापलेत ७१ आणि तक्त्यात ५०. मधले २१ कुठे गेले?"

उत्तर साधे होते. प्रत्येक "कोणतेही" गटातले पहिले तेवढे उपप्रश्न धरून सरांनी बेरीज जुळवली होती. सातांपैकी पहिले पाच, सहांपैकी पहिले चार, याप्रमाणे. ही पद्धत इतकी सर्रास वापरली जाते की तिच्यात काही चुकते आहे असे वाटतही नाही. पण विद्यार्थी पहिले पाच सोडवत नाही, त्याला येणारे पाच सोडवतो. त्यामुळे असा तक्ता एका काल्पनिक विद्यार्थ्याचा पेपर दाखवतो.

मागच्या वर्षीच्या ४४ उत्तरपत्रिका कपाटात होत्या. बाईंनी एकच घटक घेतला, सूट व कमिशन. तक्त्यात त्याला ७ गुण दिसत होते: प्र. ४ मधला एक चार गुणांचा आणि प्र. ५ मधला एक तीन गुणांचा. ४४ पैकी फक्त ६ विद्यार्थ्यांनी चार गुणांचा प्रश्न घेतला होता, तीन गुणांचा ११ जणांनी. दोन्हींपैकी एकही न सोडवलेले ३१ विद्यार्थी होते. शेकडेवारीचा हा भाग त्यांना येतो का, याबद्दल त्या पेपरने काहीही सांगितले नव्हते, आणि तरी प्रगतिपुस्तकात गणिताची श्रेणी लागली होती.

दुसरी अडचण काठिण्याच्या रकान्यात होती. एक गुणाचे सगळे प्रश्न "सोपे", दोन-तीन गुणांचे "मध्यम", चार गुणांचे "कठीण" अशी सरसकट नोंद झाली होती. म्हणजे गुणांचा रकानाच दुसऱ्या शब्दांत पुन्हा लिहिला गेला होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे छापलेल्या ७१ गुणांचा तक्ता करून प्रत्येक आकड्याला ५०/७१ ने गुणायचे. बीजगणिताच्या २१ गुणांचे मग १४.८ होतात. गणिती दृष्टीने हे नीटनेटके वाटते, पण असा सरासरी पेपरही कोणी सोडवत नाही. पहिल्या पद्धतीचाच दोष इथे दशांश चिन्हासह परत येतो.

दुसरा पर्याय पेपर बाजूला ठेवून आधी तक्ता आणि मग त्यावरून नवा पेपर काढण्याचा. खरे तर हाच योग्य क्रम. पण नऊ दिवसांत पेपर, आदर्श उत्तरे, गुणदान योजना आणि छपाई होणे कठीण होते.

तिसरा पर्याय निवडला गेला. असलेल्या पेपरचा खरा तक्ता करायचा, त्यातल्या फटी पाहायच्या आणि तेवढेच प्रश्न बदलायचे. बदलांची संख्या आधी ठरवली नव्हती. प्रत्यक्षात निम्म्याहून थोडे कमी उपप्रश्न बदलावे लागले.

काय केले: आधी ओळी, मग बेरजा

तक्त्याची ओळ म्हणजे उपप्रश्न, हे पक्के केले. "प्र. २" ही ओळ होऊ शकत नाही, "प्र. २ (४)" ही होते. जुन्या पेपरच्या अशा ३१ ओळी झाल्या. रकाने नऊ ठेवले: प्रश्न, उपप्रश्न, घटक, निष्पत्ती, उद्दिष्ट, प्रश्नप्रकार, मोजायचे गुण, पर्यायगट, काठिण्य.

निष्पत्तीच्या रकान्यात पूर्ण वाक्य लिहिले तर तक्ता वाचता येत नाही, म्हणून यादीतली वाक्ये वेगळ्या पानावर ठेवून त्यांना नि१ ते नि९ अशी खूण दिली. इथे एक अडचण आली. एनसीईआरटीच्या २०१७ च्या आठवीच्या यादीत मध्यगा आणि शिरोलंब यांच्यासाठी वेगळे वाक्य नाही. सर ते प्रश्न चौकोन रचनेच्या निष्पत्तीला जोडणार होते, कारण दोन्हीकडे कंपास लागतो. पण मग चौकोन रचनेचे गुण उगीच फुगले असते. त्याऐवजी पाठ्यपुस्तकावरून शाळेनेच नि४ हे वाक्य लिहिले आणि समोर "शाळेने घातलेली" अशी नोंद केली. यादीत जागा नसलेला प्रश्न जवळच्या निष्पत्तीत ढकलण्यापेक्षा हे बरे.

एका उपप्रश्नाला एकच निष्पत्ती द्यायची, दोन येत असतील तर गुणदान योजनेतल्या पायऱ्यांप्रमाणे ओळ फोडायची, असे ठरले. "या प्रश्नात काय काय येते" असे विचारले की प्रत्येक प्रश्नाला चार निष्पत्ती चिकटतात. प्रश्न असा विचारायचा: पूर्ण गुण मिळाले तर कोणती गोष्ट येते असे खात्रीने म्हणता येईल?

याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. जुन्या पेपरात "१०२ चा घन काढा" हा तीन गुणांचा प्रश्न विस्तारसूत्रांच्या निष्पत्तीसमोर होता. उत्तरपत्रिकांत काही मुलांनी १०२ ला १०२ ने दोनदा गुणून १०,६१,२०८ हे उत्तर काढले होते आणि पूर्ण गुण मिळवले होते. त्यांचा गुणाकार चांगला आहे एवढेच त्यावरून कळते. प्रश्न बदलून "विस्तारसूत्राचा उपयोग करून १०२ चा घन काढा" असा केला आणि गुण असे बांधले: १०२ ची १०० + २ अशी फोड व सूत्राची मांडणी १, चार पदांच्या किमती १०,००,००० + ६०,००० + १,२०० + ८ साठी १, उत्तर १. तक्त्यातली ओळ खरी ठरायला प्रश्नाच्या शब्दांत आणि गुणदान योजनेत हा बदल लागला. नुसता रकाना भरून ते झाले नसते.

"कोणतेही" गटांचा हिशेब

मग प्रत्येक निष्पत्तीसाठी तीन आकडे काढले: छापलेले गुण, विद्यार्थ्याला टाळता न येणारे किमान गुण आणि तो जास्तीत जास्त घेऊ शकेल असे गुण. किमान काढायचा नियम सोपा आहे. गटात सोडवायच्या प्रश्नांच्या संख्येतून त्या निष्पत्तीबाहेरच्या प्रश्नांची संख्या वजा करा. शून्य किंवा उणे आले तर विद्यार्थी त्या गटात ती निष्पत्ती पूर्ण टाळू शकतो. सक्तीच्या प्र. १ मधले गुण मात्र किमानात धरायचेच. उदाहरणार्थ प्र. २ मध्ये सातांपैकी तीन बीजगणिताचे, चार इतर. पाच सोडवायचे आहेत, म्हणजे ५ − ४ = १ प्रश्न तरी बीजगणिताचा घ्यावाच लागतो.

| निष्पत्ती | छापलेले | किमान | कमाल |
|---|---|---|---|
| नि१ परिमेय संख्यांची तुलना, दरम्यानच्या संख्या | ४ | २ | ४ |
| नि२ समांतर रेषा व छेदिका | ६ | १ | ६ |
| नि३ घातांक व घनमूळ | ७ | २ | ७ |
| नि४ शिरोलंब व मध्यगा | ८ | १ | ८ |
| नि५ विस्तारसूत्रे व अवयव | २१ | ४ | २१ |
| नि६ समचलन व व्यस्तचलन | ६ | १ | ६ |
| नि७ चौकोन रचना | ८ | ० | ८ |
| नि८ चौकोनांचे गुणधर्म, कारणासह | ४ | १ | ४ |
| नि९ सूट व कमिशन | ७ | ० | ७ |
| एकूण | ७१ | | |

बीजगणिताची ओळ पाहून सर थांबले. एका बाकावरचा विद्यार्थी ५० पैकी २१ गुणांचे बीजगणित सोडवू शकतो आणि शेजारचा फक्त ४ गुणांचे. दोघांचे ३५ गुण ही एकच गोष्ट नव्हे. नि७ आणि नि९ समोरचा शून्य त्याहून गंभीर होता.

इथे दोन मते पडली. बाईंचे म्हणणे, पर्याय पूर्ण काढून टाका. सरांचे म्हणणे, एखादे प्रकरण आजारपणात बुडालेल्या मुलाला पर्याय हवाच. दोन्ही बाजूंत तथ्य होते. शेवटी पर्याय फक्त प्र. ३ मध्ये आणि तोही "किंवा" स्वरूपात ठेवला. दोन्ही बाजूंना तीच निष्पत्ती, तेच गुण, पायऱ्या तेवढ्याच आणि काठिण्यही तेच. बाकी सगळे प्रश्न सक्तीचे. आजारी मुलासाठी वेगळी तोंडी संधी देता येते, त्यासाठी सगळ्या वर्गाला घटक टाळायची वाट ठेवायची गरज नाही, यावर एकमत झाले.

काठिण्य कसे ठरवले

जुन्या उत्तरपत्रिकांवरून प्रत्येक उपप्रश्नाचा सुलभता निर्देशांक काढला: मिळालेले एकूण गुण भागिले प्रश्न सोडवणाऱ्यांना मिळू शकणारे एकूण गुण. ०.७० च्या वर असेल तर सोपा, ०.४० ते ०.७० मध्यम, ०.४० च्या खाली कठीण. या सीमा शाळेने स्वतःसाठी ठरवल्या होत्या. त्या थोड्या इकडे तिकडे सरकवल्या तरी बिघडत नाही, फक्त सगळ्या प्रश्नांना एकच फूटपट्टी लावायची.

गुणांवरून काठिण्य ठरवण्याची सवय लगेच उघडी पडली. चार गुणांची चौकोन रचना "कठीण" लिहिली होती. ती ३८ मुलांनी सोडवली होती आणि १५२ पैकी १२२ गुण मिळवले होते, निर्देशांक ०.८०. वर्गात हीच रचना अनेकदा करून घेतल्यामुळे ती हाताला बसली होती. उलट एका गुणाचा "−७/३ आणि −५/२ यांपैकी मोठी संख्या कोणती?" हा बहुपर्यायी प्रश्न ४४ पैकी १५ जणांनाच आला होता, निर्देशांक ०.३४. ऋण संख्यांत ज्याचे केवलमूल्य लहान तो मोठा, हे मुलांना नियम म्हणून पाठ असते. पण अपूर्णांक आला की ती −२.५ ला −२.३३ पेक्षा मोठे म्हणतात.

मात्र या निर्देशांकाला पर्यायी प्रश्नांत एक फसवा कोपरा आहे. कमिशनचा चार गुणांचा प्रश्न घेणाऱ्या ६ मुलांना २४ पैकी १७ गुण होते, म्हणजे ०.७१. आकड्यावर विसंबले तर तो "सोपा" ठरतो. प्रत्यक्षात तो प्रश्न फक्त तो येणाऱ्या मुलांनी निवडला होता. म्हणून निम्म्याहून कमी मुलांनी सोडवलेल्या प्रश्नाचा निर्देशांक वापरायचा नाही, तिथे सर आणि बाई यांनी एकमेकांचे न पाहता अंदाज लिहायचा आणि जुळला नाही तर बोलून ठरवायचे, असे केले. नव्याने घातलेल्या प्रश्नांनाही हीच पद्धत लावली.

उद्दिष्टाचा रकाना आणि काठिण्याचा रकाना वेगळे ठेवले, कारण आठवणीचा प्रश्न कठीण असू शकतो आणि उपयोजनाचा सोपा. चलनावरचा मजुरांचा प्रश्न (१२ मजूर १० दिवसांत शेततळे खोदतात, ८ दिवसांत खोदायला किती?) सरांनी "उपयोजन" लिहिला होता. पण हाच प्रश्न वर्गात फळ्यावर याच शब्दांत झालेला होता, त्यामुळे मुलांच्या दृष्टीने ती आठवण होती. तो काढून तीन गुणांचा असा प्रश्न घातला, ज्यात दोन प्रसंग देऊन कोणते चलन आहे ते कारणासह सांगायचे आणि मग एक सोडवायचा. मजुरांच्या प्रश्नात कोणते चलन वापरायचे हे मुलांना आधीच माहीत असते, इथे ते ओळखणे हीच पहिली पायरी होती.

अंतिम तक्ता

घटकांचा भारांश प्रत्यक्ष झालेल्या तासिकांवरून ठरवला. बीजगणिताची दोन प्रकरणे मिळून ११ गुण, बाकी निष्पत्तींना ४ ते ६.

| निष्पत्ती | प्र. १ (१) | प्र. २ (२) | प्र. ३ (३) | प्र. ४ (४) | प्र. ५ (३) | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| नि१ | ३ | २ | – | – | – | ५ |
| नि२ | – | २ | ३ | – | – | ५ |
| नि३ | १ | २ | ३ | – | – | ६ |
| नि४ | २ | – | ३ | – | – | ५ |
| नि५ | २ | २ | ३ | ४ | – | ११ |
| नि६ | – | २ | – | – | ३ | ५ |
| नि७ | – | – | – | ४ | – | ४ |
| नि८ | १ | – | – | – | ३ | ४ |
| नि९ | १ | – | – | ४ | – | ५ |
| एकूण | १० | १० | १२ | १२ | ६ | ५० |

कंसात एका उपप्रश्नाचे गुण आहेत. काठिण्याचे लक्ष्य सोपे १५, मध्यम २५, कठीण १० गुण असे ठेवले.

बेरजा हाताने केल्या तर प्रश्न बदलला की सगळे पुन्हा करावे लागते, म्हणून ओळींचा तक्ता एक्सेलमध्ये घेतला. D रकान्यात निष्पत्ती, G मध्ये मोजायचे गुण, I मध्ये काठिण्य. L रकान्यात नऊ निष्पत्ती खाली खाली आणि M1, N1, O1 मध्ये तीन काठिण्य पातळ्या लिहून M2 मध्ये हे सूत्र टाकले आणि O10 पर्यंत ओढले:

```
=SUMIFS($G$2:$G$60,$D$2:$D$60,$L2,$I$2:$I$60,M$1)
```

"किंवा" नंतरच्या उपप्रश्नाचे मोजायचे गुण ० लिहायचे, नाहीतर ते दोनदा धरले जातात. आणि एक तपासणी सूत्र बाजूला ठेवायचेच:

```
=SUM($G$2:$G$60)-SUM($M$2:$O$10)
```

याचे उत्तर ० यायला हवे. पहिल्यांदा ते ५ आले. दोन ठिकाणी "मध्यम" नंतर एक रिकामी जागा टंकली गेली होती, आणि एका ओळीत "नि५" मधला आकडा मराठीऐवजी इंग्रजी कळफलकावरचा होता. डोळ्याला काही कळत नाही, सूत्र मात्र त्या ओळी मुकाट गाळते. तपासणी सूत्र नसते तर बीजगणित कमी पडले असे समजून आणखी एक प्रश्न घातला गेला असता.

निष्पन्न काय झाले

चाचणी झाली आणि तक्त्यातल्याच ओळींवर गुण भरून प्रश्ननिहाय विश्लेषण केले. सगळ्यांत उपयोगी ठरला तो नि९ चा चार गुणांचा प्रश्न: एका मिक्सरची छापील किंमत ४००० रुपये, शेकडा १५ सूट, अडत्याला विक्रीवर शेकडा ५ कमिशन, तर दुकानदाराला किती रुपये मिळाले? सूट ६००, विक्री किंमत ३४००, कमिशन १७०, मिळालेली रक्कम ३२३०. प्रत्येक पायरीला एक गुण. मधली पायरी चुकली तरी पुढची पद्धत बरोबर असेल तर पुढचा गुण द्यायचा.

४७ पैकी ५ जणांना पूर्ण आला. ९ जणांनी कमिशन छापील किमतीवर काढले, म्हणजे २०० रुपये, आणि उत्तर ३२०० लिहिले. त्यांना ३ गुण. १२ जण ३४०० वर थांबले. विक्री किंमत म्हणजेच दुकानदाराच्या हातात पडणारी रक्कम असे त्यांनी धरले होते, त्यांना २ गुण. उरलेल्या २१ जणांना शून्य. काहींनी प्रश्न कोरा सोडला होता आणि बाकीच्यांनी ४००० मधून सरळ १५ रुपये वजा केले होते. एकूण १८८ पैकी ७१ गुण, निर्देशांक ०.३८.

पायऱ्यांनुसार गुण बांधल्यामुळे एकाच प्रश्नातून तीन वेगळे गट दिसले आणि प्रत्येकाला लागणारी मदत वेगळी होती. ९ जणांना "कमिशन कशावर" एवढे एका तासिकेत सांगून पुरले. २१ जणांना शेकडा म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली.

काठिण्याचा अंदाज चुकला. लक्ष्य १५, २५, १० होते, प्रत्यक्षात सोपे १३, मध्यम २१, कठीण १६ गुण भरले. कमिशनचा प्रश्न मध्यम धरला होता, तो कठीण निघाला. "−१/२ आणि −१/३ यांच्या दरम्यानच्या दोन परिमेय संख्या लिहा" हा दोन गुणांचाही तसाच, ९४ पैकी ३४ गुण. घातांकांचा एक दोन गुणांचा सोपा वाटलेला प्रश्न मध्यमात गेला. ऋण अपूर्णांकांवरचा इशारा जुन्या उत्तरपत्रिकांनी दिलेला होता. तो एका प्रश्नापुरता धरला गेला, त्याच जातीच्या दुसऱ्या प्रश्नाला लावला गेला नाही.

वर्गाची सरासरी ३१ वरून २७ वर आली. यावरून मुले मागे पडली असे म्हणता येत नाही: मुले वेगळी, पेपर वेगळा आणि नको तो घटक टाळायची सोय बंद झालेली. पालकसभेत नुसती सरासरी दाखवली असती तर गैरसमज झाला असता. तिथे निष्पत्तीनिहाय आकडे दाखवले.

वेगळे काय करता आले असते

वेळेचा रकाना ठेवायला हवा होता. पर्याय काढल्यावर मुलांना न येणाऱ्या प्रश्नांवरही वेळ द्यावा लागतो. प्र. ५ मधला चौकोनाच्या गुणधर्मांचा प्रश्न १३ जणांनी कोरा सोडला. तो आला नाही की तिथपर्यंत पोहोचलेच नाहीत, हे उत्तरपत्रिकेवरून सांगता येत नाही. म्हणजे नि८ च्या चारपैकी तीन गुणांची माहिती अर्धवट राहिली. या निष्पत्तीत कारण देणे अपेक्षित आहे, तेव्हा तिचा काही भाग तोंडी व प्रात्यक्षिकाच्या १० गुणांत कागदाच्या घड्या घालून विचारणे जास्त योग्य झाले असते.

नि७ ला एकच चार गुणांचा प्रश्न ठेवणेही जोखमीचे होते. कच्ची आकृती चुकली की चारही गुण जातात आणि मग रचना येत नाही की माहितीचा अर्थ लागला नाही, हे कळत नाही. कच्ची आकृती ओळखायचा एक गुणाचा प्रश्न प्र. १ मध्ये घेऊन नि१ चा एक कमी करता आला असता. नि१ ला तिथे तीन होतेच.

आणि क्रम. आधी पेपर, मग तक्ता या वाटेने गेल्यामुळे प्र. १ ते प्र. ५ हा सांगाडा कोणी हलवलाच नाही. दोन, तीन, चार गुणांच्या ठरलेल्या खणांत निष्पत्ती बसवल्या गेल्या, त्यामुळे नि१ सारख्या निष्पत्तीला तीन सुटे एकेक गुण मिळाले आणि मोठा प्रश्न मिळाला नाही.

दुसऱ्या सत्राचा तक्ता डिसेंबरमध्येच करायला घेतला आहे, पेपर अजून काढलेला नाही. वेळेचा रकाना त्यात आहे. चक्रवाढ व्याजाच्या चार गुणांच्या ओळीआधी शेकडेवारीची एक गुणाची ओळ मुद्दाम ठेवली आहे. ४००० मधून १५ वजा करणारी मुले चक्रवाढीत अडली, तर ती नव्या सूत्रापाशी अडली की जुन्या शेकड्यापाशी, हे त्या एका गुणावरून कळेल.